विराम संहितेतच राखून ठेवा

माहितीपटाचे निवेदन घाईचे वाटू लागले की पहिली सूचना निवेदकाला मिळते : "जरा सावकाश वाचा." तो सावकाश वाचतो. शब्द ताणले जातात, आवाज जड होतो, मिनिटभराचे निवेदन सव्वा मिनिटाचे होते आणि चित्र मात्र मिनिटाचेच असते. मग दुसरी सूचना येते : "थोडे आटोपते घ्या." या दोन सूचनांच्या ओढाताणीत बिचारा निवेदक सापडतो, पण दोष बहुतेक वेळा त्याच्या जिभेत नसतोच. संहिता लिहितानाच सगळा वेळ शब्दांनी भरून टाकलेला असतो. त्यात थांबायला जागा उरलेली नसते, म्हणून वाचणारा थांबत नाही.

या लेखात याच एका मुद्द्याचा पाठपुरावा करायचा आहे. विराम, शांतता आणि श्वासाची जागा या गोष्टी संहितेत लिहाव्या लागतात, त्यांना सेकंद द्यावे लागतात आणि ते सेकंद मिळवण्यासाठी शब्द कमी करावे लागतात. हे कसे करायचे ते लोणार सरोवरावरच्या एका मिनिटाच्या निवेदनावरून पाहू. माहितीपट, संस्थेची चित्रफीत, शैक्षणिक व्हिडिओ अशा चित्रासोबतच्या कोणत्याही निवेदनाला ही पद्धत लागू पडते.

आधी स्वतःचा वेग मोजा

मराठीत शब्दांवरून वेळेचा अंदाज बांधताना एक अडचण येते. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतात. 'महाराष्ट्रातल्यासुद्धा' हा मोजताना एक शब्द, पण उच्चारायला चार छोट्या शब्दांएवढा. त्यामुळे इंग्रजी निवेदनासाठी सांगितले जाणारे मिनिटाला दीडशे शब्दांचे माप मराठीवर लावले की निवेदन हमखास कोंबलेले होते. मराठी माहितीपटाच्या शांत निवेदनासाठी वाक्यांमधले नेहमीचे छोटे विराम धरून मिनिटाला ९० ते ११० शब्द हे माप सोयीचे पडते. पण हा अंदाज झाला. ज्याचा आवाज वापरायचा आहे त्याला त्याच विषयावरचा एखादा उतारा तीन मिनिटे वाचायला लावा, शब्द मोजा आणि तीनने भागा. पुढचे सगळे हिशेब त्या आकड्यावर करा. या लेखातल्या उदाहरणापुरता आपण मिनिटाला १०० शब्द असा वेग धरू.

मोजताना आकडे अक्षरांत लिहून मग मोजा. कागदावर '१.८ किमी' एवढीशी जागा घेते, पण निवेदक 'एक पूर्णांक आठ दशांश किलोमीटर' म्हणतो. '५,७०,०००' हा एकच आकडा वाचताना 'पाच लाख सत्तर हजार' असे चार शब्द होतात. 'इ.स.', 'मी.', 'चौ. किमी' या संक्षेपांचेही तसेच. छोट्या दिसणाऱ्या संहितेचे वाचन लांबते ते अनेकदा अशा आकड्यांमुळे. म्हणून वाचनाच्या प्रतीत आकडे नेहमी उच्चाराप्रमाणे लिहावेत. त्याने निवेदक अडखळत नाही, हा वेगळा फायदा.

'असून' थांबू देत नाही

आता लोणारच्या निवेदनाचा पहिला मसुदा पाहा. माहिती अचूक आहे, भाषा शुद्ध आहे, आणि असे लिखाण आपल्याकडे सर्रास निवेदनासाठी दिले जाते.

"महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे असलेले आणि बेसॉल्ट खडकात उल्कापातामुळे निर्माण झालेले सुमारे १.८ किमी व्यासाचे व १५० मी. खोल असलेले हे विवर जगप्रसिद्ध असून त्याच्या वयाविषयी ५२,००० वर्षांपासून ५,७०,००० वर्षांपर्यंत वेगवेगळे अंदाज वर्तवण्यात आलेले आहेत. विवराच्या उतारावर घनदाट जंगल असून त्यात मोर, माकडे व अनेक प्रकारचे पक्षी आढळतात. विवराच्या काठावरील गोमुख मंदिरात बारमाही वाहणारा झरा असून तेथे भाविक स्नानासाठी येतात. सरोवराचे पाणी खारट व अल्कधर्मी असून जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले होते व पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हा रंग हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे निष्पन्न झाले, तर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला."

कागदावर हे ९८ शब्द आहेत. आकडे उच्चाराप्रमाणे मोजले की ते १०७ होतात. मिनिटाला १०० शब्दांच्या वेगाने हा मजकूर एका मिनिटात बसत नाहीच. निवेदक वेग वाढवून तो बसवेल, पण मग सुरुवातीपासून शेवटपर्यंत आवाज चालूच राहील. वाऱ्याचा आवाज नाही, पाण्याचा नाही, पाहणाऱ्याला पाहायला उसंत नाही.

शब्दसंख्येपेक्षा मोठी अडचण वाक्यांच्या बांधणीत आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. ऐकणारा ते येईपर्यंत आधीचे सगळे मनात धरून ठेवतो. पहिल्या वाक्यात 'असलेले', 'झालेले', 'व्यासाचे', 'खोल असलेले' अशी चार विशेषणे आल्यावर 'विवर' हा शब्द भेटतो. तोवर आपण कशाबद्दल ऐकतो आहोत हेच कळलेले नसते. वाचणाऱ्याचे डोळे मागे जाऊन पुन्हा वाचू शकतात. ऐकणाऱ्याला ती सोय नाही.

विवर भेटल्यावर थांबावे, तर लगेच 'असून' येते. सरकारी अहवाल, बातम्या आणि पाठ्यपुस्तके यांतून हे 'असून' आपल्या हातात इतके बसले आहे की ते खटकतही नाही. पण निवेदनात ते विरामाची वाट अडवते. 'जंगल आहे' म्हटले की आवाज खाली येतो आणि निवेदकाला थांबता येते. 'जंगल असून' म्हटले की आवाज वरच राहतो आणि पुढे जावेच लागते. तिथे कुणी थांबलाच, तर विसरल्यासारखा वाटतो. 'व' चेही असेच. तो डोळ्यांसाठी ठीक आहे. बोलताना आपण 'आणि' म्हणतो, कारण त्याच्या आधी किंचित थांबता येते.

म्हणून संहितेचा मसुदा हाती आला की पहिले काम हे : प्रत्येक 'असून' खाली रेघ मारा आणि तिथे वाक्य तोडून पाहा. नामाच्या आधी दोनपेक्षा जास्त विशेषणे साचली असतील, तर त्यांतली काही पुढच्या वाक्यात न्या. एवढ्याने शब्द फारसे कमी होत नाहीत, पण थांबता येतील अशा जागा तयार होतात.

चित्राप्रमाणे सेकंद वाटा

आता चित्राकडे वळू. समजा, या मिनिटात चार दृश्ये आहेत. काठावरून दिसणारे अख्खे विवर १२ सेकंद. जंगलातून उतरणारी पायवाट १५ सेकंद. गोमुखाची धार १३ सेकंद. सरोवराचा काठ आणि २०२० मधले गुलाबी पाणी २० सेकंद.

पहिल्या मसुद्यातले पहिले वाक्य उच्चाराप्रमाणे ४३ शब्दांचे आहे. ते वाचायला जवळजवळ २६ सेकंद लागतात, आणि विवराचे दृश्य मात्र १२ सेकंदांत संपते. म्हणजे पडद्यावर पायवाट येऊन जवळपास संपतही आली, तरी कानावर विवराच्या वयाचे अंदाजच पडत राहतात. निवेदन घाईचे वाटण्याचे हे एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. शब्द चित्राच्या मागे पडले, की पाहणाऱ्याला एकाच वेळी दोन गोष्टींचा पाठलाग करावा लागतो. वेग तोच असला, तरी त्याची दमछाक होते.

म्हणून प्रत्येक दृश्याचे सेकंद लिहा आणि त्यातला साधारण निम्मा वेळच शब्दांना द्या. दृश्यात ऐकण्यासारखा आवाज असेल, तर शब्दांना निम्म्याहूनही कमी वेळ द्या. दृश्यात समजावून सांगण्यासारखे काही असेल, तर थोडा जास्त. या हिशेबाने लिहिलेला दुसरा मसुदा असा होतो. तिरकी रेघ म्हणजे श्वासापुरता विराम, दोन रेघा म्हणजे वाक्य संपल्यावरचा पूर्ण विराम.

पहिले दृश्य, १२ सेकंद. सुरुवातीचे ४ सेकंद फक्त वारा.
"बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. // इथे कधीकाळी एक उल्का कोसळली, / आणि काळ्या खडकात हा खळगा उरला."

दुसरे दृश्य, १५ सेकंद. निवेदन लगेच सुरू. नंतरचे ८ सेकंद पावलांचा आणि पक्ष्यांचा आवाज.
"हे विवर सुमारे दीडशे मीटर खोल आहे. // त्याचा उतार जंगलाने झाकलेला आहे."

तिसरे दृश्य, १३ सेकंद. आधी ३ सेकंद धारेचा आवाज, शेवटी पुन्हा ४ सेकंद तोच.
"गोमुखातून ही धार / बारा महिने पडते. // हिचं पाणी गोड."

चौथे दृश्य, २० सेकंद. 'गुलाबी झालं' नंतर ४ सेकंद शांतता, अखेरीस ५ सेकंद मोकळे.
"खाली सरोवरात मात्र / पाणी खारं आहे. // दोन हजार वीसच्या जून महिन्यात / ते गुलाबी झालं. // हा रंग सूक्ष्मजीवांचा होता."

एकूण ५३ शब्द. मिनिटाला १०० च्या वेगाने हे सुमारे ३२ सेकंदांत वाचून होतात. उरलेले २८ सेकंद लोणारचे आहेत.

आता काय घडले ते पाहा. विवराचे दृश्य येताच निवेदन सुरू झाले असते, तर पाहणाऱ्याने त्या प्रचंड खळग्याचा आवाका पाहिलाच नसता. चार सेकंद त्याला तो स्वतः पाहू द्यायचा, मग नाव सांगायचे. दुसऱ्या दृश्यात उलट केले. पायवाट दिसताच निवेदन उरकले आणि नंतर चालू दिले, कारण जंगलाची जाणीव आवाजातून होते आणि त्याला सलग वेळ लागतो. मोर, माकडे, पक्षी ही यादी गळाली. ती पडद्यावर दिसते किंवा ऐकू येते, तेव्हा सांगायची गरजच नाही. तिसऱ्या दृश्यातले 'हिचं पाणी गोड' हे वाक्य एवढेसे ठेवले, कारण त्यानंतरच्या चार सेकंदांत धारेचा आवाज कानात राहतो आणि पुढच्या दृश्यातले 'खारं' त्याच्या विरोधात उभे राहते.

सर्वांत मोलाची शांतता चौथ्या दृश्यात आहे. 'ते गुलाबी झालं' हे ऐकल्यावर पाहणाऱ्याच्या मनात 'कशामुळे?' हा प्रश्न उठतो. तो उठायला आणि पडद्यावरचा गुलाबी रंग नीट दिसायला तीन-चार सेकंद लागतात. उत्तर त्याआधीच दिले, तर प्रश्न उठतच नाही आणि उत्तराला किंमत राहत नाही. शांतता कुठे ठेवायची, असा प्रश्न पडला तर हे लक्षात ठेवा : धक्का देणाऱ्या गोष्टीनंतर आणि तिच्या खुलाशाच्या आधी.

आणि गाळलेल्या माहितीचे काय? ती फेकून द्यायची नाही. वयाविषयीचे वेगवेगळे अंदाज हा भूशास्त्रज्ञाच्या मुलाखतीचा विषय आहे, तिथे तो खुलून येईल. आघारकर संस्थेच्या तपासणीला पुढे स्वतंत्र दीड-दोन मिनिटे देता येतील. रामसर दर्जा पडद्यावरच्या ओळीत लिहिता येतो. व्यासाचा आकडाही तसाच. डोळ्यांनी वाचायचा आकडा कानातून घालू नये. मसुद्यातला प्रत्येक गाळलेला तपशील कुठे जाणार हे समासात लिहून ठेवले, तर निर्मात्याला शब्द कमी झाल्याची धास्ती वाटत नाही. संहिता कापताना होणारे निम्मे वाद या एका सवयीने मिटतात.

शब्दांवाचून चित्र किती पेलू शकते, याचा पुरावा आपल्याच माहितीपटांत आहे. १९४८ साली मुंबईत सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनच्या अनेक पटांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरगच्च निवेदन असायचे. त्याच संस्थेसाठी एस. सुखदेव यांनी केलेल्या 'इंडिया ६७' मध्ये निवेदन नाही. देशभराची दृश्ये, आवाज आणि संगीत यांवर तो उभा आहे. सगळ्या पटांना ते जमणार नाही आणि जमायची गरजही नाही. पण एखादे दृश्य शब्दांशिवाय उभे राहते का, हे प्रत्येक वेळी पाहावे.

वाचनाची प्रत वेगळी करा

संहिता नक्की झाली की निवेदकासाठी तिची वेगळी प्रत काढा. अक्षर मोठे, ओळींत दुप्पट अंतर. एका श्वासात जेवढे म्हणायचे तेवढेच एका ओळीत. वाक्य पानाच्या शेवटी तुटून पुढच्या पानावर जाता कामा नये, नाहीतर पान उलटण्याचा आवाज नेमका मधोमध येतो आणि निवेदक वाक्य उरकतो. मोठ्या शांततेच्या जागी नुसती रेघ न मारता सेकंद लिहा आणि त्या वेळी पडद्यावर काय आहे तेही लिहा : '४ सेकंद, गुलाबी पाणी.' आपण कशासाठी थांबलो आहोत हे कळले, की थांबणाऱ्याला अवघडल्यासारखे होत नाही.

श्वासाच्या खुणा अर्थाच्या जोडावर पडाव्यात. 'लोणारच्या' आणि 'सरोवरात' यांच्यामध्ये श्वास नको. कर्त्यानंतर, काळ किंवा जागा सांगून झाल्यावर, 'पण', 'कारण', 'म्हणून' यांच्या आधी श्वास घेता येतो. चुकीच्या जागी घेतलेला श्वास अर्थही बदलतो. 'गुलाबी पाणी आणि पक्षी' हे सलग वाचले तर पक्षीही गुलाबी आहेत असे वाटेल. 'पाणी' नंतर किंचित थांबले की गुलाबी फक्त पाणी उरते.

वाचताना घाई होण्याचे एक साधे कारण आहे : समोर कुणी नसते. द. मा. मिरासदार, शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर कथाकथन करत, तेव्हा पुढे श्रोते असत. त्यांच्या हसण्यामुळे कथाकाराला थांबावेच लागे आणि थांबल्यावर पुढचे वाक्य कधी टाकायचे हेही त्यांच्याकडूनच कळे. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत काच, माइक आणि कागद एवढेच असते. शांतता झाली की आपण चुकलो असे वाटते आणि पुढची ओळ लवकर उचलली जाते. यावर उपाय म्हणजे काचेपलीकडे एका माणसाला बसवा, ज्याने संहिता वाचलेली नाही. निवेदकाने त्याला सांगायचे. तेही शक्य नसेल, तर एक नियम पाळायला सांगा : पूर्णविरामावर थांबा, पुढची ओळ डोळ्यांनी शेवटपर्यंत पाहा, मगच तोंड उघडा. वाक्याखेरचे 'आहे' आणि 'होते' पूर्ण उच्चारले जाते का तेही ऐका. ते गिळले जाऊ लागले, की समजावे निवेदक पुढच्या वाक्याकडे धावतो आहे.

लांब मुद्रणात वेग नकळत वाढतो. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी पहिल्या पानाचे मुद्रण पुन्हा ऐकवा आणि मग पुढे जा.

विराम संकलनात तयार होत नाही

'आत्ता सलग वाचा, जागा आम्ही नंतर टाकू' असे संकलक म्हणतो, तेव्हा सावध व्हावे. माणूस खरोखर थांबतो, तेव्हा थांबण्याआधीच त्याचा आवाज उतरतो आणि शेवटचे अक्षर किंचित लांबते. सलग वाचताना हे होत नाही. मग अशा ठिकाणी आवाज कापून तीन सेकंदांची जागा घातली, तर बोलणाऱ्याला मध्येच कुणी गप्प केल्यासारखे वाटते. तयार विराम लांबवता किंवा आखडता येतो. नसलेला विराम घालता येत नाही. म्हणून निवेदकाने थांबायच्या जागी निदान एक-दीड सेकंद खरेच थांबावे. बाकीचे सेकंद संकलनात वाढवता येतील.

ते वाढवताना पूर्ण निःशब्दता घालू नका. प्रत्येक खोलीला स्वतःचा हलका आवाज असतो. तो अचानक गेला, की बिघाड झाल्यासारखे वाटते. ध्वनिमुद्रण संपल्यावर, निवेदक खोलीत असतानाच, कुणी न बोलता खोलीचा तसाच आवाज निदान अर्धा मिनिट मुद्रित करा. याला रूम टोन म्हणतात. विराम वाढवायचा तेव्हा हाच तुकडा जोडा. `Audacity` मध्ये `Generate > Silence` वापरून घातलेली जागा कोरी असते, रूम टोनची नसते. त्याच प्रणालीतला `Truncate Silence` निवेदनाला लावायचा मोह टाळा. तो लांब विराम शोधून सरसकट आखडतो आणि तुम्ही विचारपूर्वक ठेवलेले लहानमोठे विराम एकाच मापाचे होऊन बसतात.

चित्रासोबतच्या मोठ्या शांततेत त्या जागेचा आवाज हवा. लोणारला वारा, पावले, धार हे आवाज चित्रीकरणाच्या वेळीच स्वतंत्रपणे मुद्रित करावे लागतात, प्रत्येकी निदान मिनिटभर, कॅमेऱ्यामागे कुणी न बोलता. ते नसतील, तर शांततेच्या जागी संगीत वाजते, आणि संगीताचा आवाज दर वेळी वाढू लागला की ती जागा मोकळी राहत नाही.

निवेदकाचे श्वासही सगळे काढू नका. श्वास पुसून टाकलेले बोलणे ऐकताना ऐकणाऱ्यालाच गुदमरल्यासारखे होते. जे श्वास कानाला टोचतात त्यांची पातळी ६ ते १० डेसिबलने खाली आणा, बाकीचे असू द्या. वाक्याच्या मध्येच घाईने ओढलेला श्वास वारंवार ऐकू येत असेल, तर तो पुसण्याऐवजी ते वाक्य तोडून पुन्हा मुद्रित करा. तिथे वाक्यच लांब आहे.

किती थांबावे याची मर्यादा

मापे ढोबळच असतात, तरी सुरुवातीला हाताशी असलेली बरी. वाक्यातला छोटा विराम पाव ते अर्धा सेकंद. वाक्य संपल्यावर पाऊण ते एक सेकंद. विषय बदलताना दोन-तीन सेकंद. चित्रासाठी राखलेली जागा चार ते आठ सेकंद. त्याहून जास्त थांबायचे, तर दृश्यात काही घडत असायला हवे.

सगळे विराम सारख्याच मापाचे झाले, की निवेदन यांत्रिक वाटते. प्रत्येक वाक्यानंतर मोठा विराम आला, की ते श्रद्धांजलीसारखे गंभीर होते, आणि जिथे खरेच थांबायला हवे होते ती जागा त्यात हरवते. एकाच दृश्यातल्या दोन वाक्यांमधली मोठी शांतता मिनिटभरात एकच ठेवावी. आपल्या उदाहरणात ती गुलाबी पाण्यानंतर आहे.

नुसत्या आवाजाच्या माध्यमात, म्हणजे रेडिओवर किंवा पॉडकास्टमध्ये, ही मापे आखडतात. समोर चित्र नसते, त्यामुळे दोन-तीन सेकंदांवरची कोरी शांतता 'बंद पडले काय?' अशी शंका आणते. तिथे मोठ्या विरामाखाली जागेचा आवाज ठेवावाच लागतो. पाककृती किंवा दुरुस्ती शिकवणाऱ्या व्हिडिओत विरामाचे माप हातावरून ठरते. 'आता झाकण घट्ट लावा' म्हटल्यावर झाकण लागेपर्यंत पुढची सूचना देऊ नये.

शेवटी दोन वेळा तपासा

पहिल्या तपासणीत निवेदन बंद करून फक्त चित्र आणि जागेचे आवाज पाहा. जे दृश्य शब्दांशिवाय कळते, त्यावरचे निवेदन अजून कमी करता येईल. दुसऱ्या तपासणीत विषय माहीत नसलेल्या माणसाला पूर्ण फीत एकदाच दाखवा आणि त्याने काय ऐकले ते त्याच्याच शब्दांत विचारा. लोणारच्या दुसऱ्या मसुद्यानंतर त्याने उल्का, गोड धार, खारे पाणी आणि गुलाबी रंग सांगितला, तर निवेदनाने काम केले. 'छान माहिती होती' एवढेच म्हणाला, तर शब्द अजून जास्त आहेत.

निवेदकाला 'सावकाश वाचा' असे सांगण्याआधी संहिता हातात घ्या, आकडे उच्चाराप्रमाणे लिहा, 'असून' च्या जागी वाक्ये तोडा, दृश्याचे सेकंद मोजा आणि त्यातले निम्मे शब्दांसाठी न वापरता मोकळे सोडा. एवढे केल्यावर त्याला वेगळे काही सांगावे लागणार नाही.